शांघायचे मेट्रो कार्ड : पैसे कसे भरावेत आणि ते कुठपर्यंत चालते हे कसे ओळखावे

आपल्या बेळगाव-निपाणी भागातील अनेक घरांतली मुले आता परदेशी नोकरीला आहेत. यंत्रसामग्री आणि वाहनांच्या सुट्या भागांच्या धंद्यामुळे काहीजण चीनमध्येही गेलेली आहेत. शांघायच्या पश्चिमेला आनतिंग म्हणून गाव आहे. तिथे मोटारींचे मोठे कारखाने आहेत. मुलगा किंवा जावई अशा ठिकाणी असला की महिना-दीड महिना आई-वडील जाऊन राहतात. मुले सकाळी कामावर गेली की ज्येष्ठांनी दिवसभर घरात बसून राहावे असे कुणालाच वाटत नाही. मेट्रो दाराशी असते, तिकीटही स्वस्त असते. अडचण येते ती कार्डाची आणि मोबाईलवरच्या चिनी अक्षरांची. ती अडचण सुटावी म्हणून हा लेख.

सुरुवातीला एक गोष्ट सांगतो. वीचॅट या चिनी अ‍ॅपवर आपल्या सरकारने २०२० मध्ये बंदी घातली. त्यामुळे इथून निघतानाच फोनमध्ये सगळे तयार करून न्यायचे, हा विचार सोडून द्यावा. तिथे राहणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये अ‍ॅप आणि त्याच्या चिनी बँक खात्याची जोडणी असतेच. म्हणून सोपी व्यवस्था अशी : आई-बाबांच्या खिशात प्लास्टिकचे कार्ड, आणि त्यात पैसे भरायला मुलाचा फोन. पुढचे सगळे याच व्यवस्थेला धरून लिहिले आहे.

आधी एक गैरसमज

लंडनला किंवा युरोपातल्या काही शहरांत जाऊन आलेले लोक विचारतात, “आमचे कार्ड कोणत्या झोनपर्यंत चालेल?” तिथे शहराभोवती वर्तुळे आखून पहिला झोन, दुसरा झोन असे भाग पाडलेले असतात आणि पास त्या-त्या झोनपुरता असतो. शांघायच्या मेट्रोत असे झोन नाहीत. भाडे अंतरावर आहे. पहिल्या ६ किलोमीटरला ३ युआन आणि त्यापुढे दर १० किलोमीटरला १ युआन. समजा, तुमचा प्रवास ३५ किलोमीटरचा आहे. पहिल्या ६ किलोमीटरचे ३ युआन. उरलेल्या २९ किलोमीटरचे तीन टप्पे होतात, म्हणजे आणखी ३. एकूण ६ युआन. एक युआन म्हणजे १२-१३ रुपये धरले तर पाऊणशे-ऐंशी रुपयांत हा प्रवास होतो.

तेव्हा चिनी अ‍ॅपमध्ये झोनचा नकाशा शोधत बसू नये. तिथे हद्द म्हणजे शहर. कार्ड कोणत्या शहरात चालते, त्या शहरात मेट्रोत चालते की फक्त बसमध्ये, आणि सवलत कुठपर्यंत मिळते, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळी असू शकतात. कार्डात पैसे कसे जातात ते आधी पाहू, मग या तीन प्रश्नांकडे वळू.

पैसे दिले, पण कार्डात पोचले का?

मेट्रोचे कार्ड आणि आपले बँक खाते यांत मोठा फरक आहे. बँकेत तुमची शिल्लक बँकेच्या संगणकात असते. पासबुक घरी राहिले तरी खात्यात रक्कम जमा होते. मेट्रोच्या कार्डाचे तसे नाही. शिल्लक कार्डातल्या चिपमध्ये लिहिलेली असते. फाटकावर कार्ड टेकवले की यंत्र ती शिल्लक वाचते आणि बाहेर पडताना भाडे वजा करून नवी शिल्लक पुन्हा चिपवरच लिहिते. हे सगळे अर्ध्या सेकंदात व्हायचे असते, म्हणून दरवेळी दूरच्या संगणकाला विचारत बसायची सोय ठेवलेली नाही. आपल्याकडे २०१९ पासून सुरू झालेल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाचेही तत्त्व हेच आहे. पुण्यात किंवा बंगळूरला ज्यांनी ते वापरले, त्यांना ऑनलाइन भरलेली रक्कम नंतर कार्डावर चढवून घ्यावी लागते हे ठाऊक असेल.

याचा अर्थ असा की अ‍ॅपमधून पैसे भरण्याचे दोन भाग असतात. पहिला भाग पैसे देण्याचा. दुसरा भाग ती रक्कम चिपवर लिहिण्याचा. पहिला झाला आणि दुसरा राहिला, तर मुलाच्या खात्यातून पैसे वजा होतात, पण बाबांच्या कार्डात काही दिसत नाही. बँकेच्या भाषेत बोलायचे तर नावे पडले, पण जमा व्हायचे राहिले. रक्कम बुडालेली नसते, मधल्या खात्यात थांबलेली असते. ती तिथून कशी सोडवायची एवढे कळले की काम झाले.

मुलाच्या फोनवरून भरण्याची रीत अशी आहे. फोनमध्ये एनएफसी ही सोय असावी लागते आणि ती सेटिंग्जमधून चालू करावी लागते. शांघायच्या कार्डाचे स्वतःचे अ‍ॅप आहे. त्याचे नाव 上海交通卡 असे दिसते. ते उघडून 充值, म्हणजे रक्कम भरणे, हा पर्याय घ्यावा. मग कार्ड फोनच्या पाठीला चिकटवून धरावे. फोनचे जाड कव्हर आधी काढून ठेवलेले बरे. कार्ड वाचले गेले की त्याचा क्रमांक आणि 余额, म्हणजे शिल्लक, पडद्यावर येते. हा क्रमांक कार्डावर छापलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. आई आणि बाबांची कार्डे दिसायला सारखीच असतात, त्यामुळे एकाचे पैसे दुसऱ्यावर जायला वेळ लागत नाही.

पुढे रक्कम निवडावी आणि पैसे द्यावेत. पैसे दिल्याचा संदेश आला की अनेकजण कार्ड उचलतात. घोटाळा होतो तो इथेच. दुसरा भाग अजून व्हायचा असतो. अ‍ॅप पुन्हा कार्ड लावायला सांगते, किंवा लावलेले तसेच ठेवायला सांगते. 充值成功, म्हणजे रक्कम भरली गेली, ही चार अक्षरे येईपर्यंत कार्ड हलवू नये. त्यानंतर एकदा पुन्हा कार्ड वाचून घ्यावे आणि नवी 余额 डोळ्यांनी पाहावी. अ‍ॅपमधल्या पावतीपेक्षा कार्डातून वाचलेला हा आकडा खरा मानावा, कारण फाटकालाही तोच दिसणार आहे.

कार्ड मध्येच हलले, फोन आला, किंवा इंटरनेट तुटले, तर काय करायचे? लगेच पुन्हा पैसे भरू नयेत. अ‍ॅपमध्ये 订单 म्हणजे व्यवहारांची यादी असते. तिथे तो व्यवहार अर्धवट म्हणून दिसतो. त्याच्याशेजारी 补登 अशी दोन अक्षरे शोधावीत. त्याचा अर्थ, राहिलेली नोंद कार्डावर चढवणे. ते दाबून तेच कार्ड पुन्हा फोनला लावले की थांबलेली रक्कम चिपवर जाते. अ‍ॅपच्या आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण 补 हे अक्षर, म्हणजे ‘राहिलेले पुरे करणे’, ओळखले तरी पुरते. व्यवहार त्या यादीत तसाच अडकून राहिला, तर यादीतल्या त्या नोंदीचे छायाचित्र आणि कार्ड दोन्ही घेऊन स्टेशनवरच्या 服务中心 या खिडकीकडे जावे. कार्ड सोबत नसेल तर तिथल्या माणसालाही काही करता येत नाही.

फोनशिवायचा मार्गही आहे. शांघायच्या स्टेशनांवरील यंत्रांत नोटा घालून कार्ड भरता येते, आणि पडद्यावर इंग्रजीचे बटण असते. यंत्रात कार्ड ठेवल्यावर पैसे देणे आणि चिपवर लिहिणे या दोन्ही गोष्टी एकाच जागी होतात, म्हणून अर्धवट राहण्याची भीती कमी. ज्यांना फोनचा कंटाळा आहे त्यांनी मुलाकडून शंभराची नोट घेऊन हाच मार्ग धरावा. कार्ड जास्त भरून ठेवण्यातही अर्थ नाही. ते हरवले तर रोकड पाकीट हरवल्यासारखेच आहे.

कार्ड कुठे चालते हे कसे वाचायचे

आता हद्दीचा प्रश्न. याला शांघायच्या ११ क्रमांकाच्या लाइनीइतके चांगले उदाहरण नाही, आणि आपल्या सीमाभागातल्या वाचकाला ते चटकन समजेल.

ही लाइन शांघाय शहरातून आनतिंगकडे जाते. आनतिंगनंतर तीन स्टेशने आहेत : झाओफेंग रोड, ग्वांगमिंग रोड आणि शेवटचे ह्वाछ्याओ. ही तिन्ही स्टेशने शांघायच्या हद्दीत नाहीत, शेजारच्या जियांगसू प्रांतात आहेत. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये हा तुकडा सुरू झाला. म्हणजे कागल सोडून कोगनोळी ओलांडावी तसा प्रकार. प्रांत बदलतो, पण गाडी तीच, मेट्रो कंपनी तीच आणि भाड्याचा हिशेबही शांघायचाच. पाट्या वाचल्या नाहीत तर प्रांत बदलल्याचे कळणारही नाही. तिथपर्यंत शांघायचे कोणतेही मेट्रो कार्ड चालते.

खरी हद्द लागते ती ह्वाछ्याओला. २०२३ च्या जूनमध्ये सुझोऊ शहराची स्वतःची ११ क्रमांकाची लाइन इथपर्यंत आली. दोन्ही लाइनींचा क्रमांक ११ च असल्यामुळे नवख्या माणसाला वाटते की गाडी पुढे तशीच जाते. तसे नाही. ह्वाछ्याओला शांघायचा हिशेब बंद होतो आणि सुझोऊचा सुरू होतो. भाडी वेगळी, दरपत्रक वेगळे. शांघायमध्ये काढलेले एका प्रवासाचे तिकीट इथे संपते. शांघायचा १८ युआनचा एक दिवसाचा आणि ४५ युआनचा तीन दिवसांचा पास मिळतो, त्याचाही सुझोऊच्या फाटकावर उपयोग नाही. या पासांची मुदत तारखेवर नसून पहिल्यांदा फाटकातून आत गेल्यापासून २४ तास किंवा ७२ तास अशी मोजतात, हेही लक्षात ठेवावे.

मग सुझोऊला कोणते कार्ड चालेल? त्यासाठी कार्डावर 交通联合 ही चार अक्षरे आहेत का ते पाहावे. चीनच्या परिवहन मंत्रालयाने ठरवलेल्या देशव्यापी कार्डाची ही खूण. चायना टी-युनियन या नावाने ते ओळखले जाते आणि तीनशेहून अधिक शहरांत त्याचा स्वीकार होतो. अशा कार्डाचा क्रमांक १९ अंकी असतो आणि ३१ या आकड्याने सुरू होतो. शांघायचे कार्ड दोन प्रकारचे आहे : एक जुने, मुख्यतः शांघायपुरते, आणि दुसरे ही खूण असलेले. दुकानात किंवा खिडकीवर कार्ड घेतानाच खूण असलेले मागावे. जुने कार्ड मुलाच्या घरात कुठल्यातरी खणात पडलेले असते आणि तो प्रेमाने देतो. शांघायमध्ये ते चालेल, पण त्याच्या भरवशावर सुझोऊला जाऊ नये.

खूण सापडली तरी एक तपासणी राहते. अ‍ॅपमध्ये कार्डाच्या माहितीत 使用范围 किंवा 适用城市 असा भाग असतो. पहिल्याचा अर्थ वापराची व्याप्ती, दुसऱ्याचा चालणारी शहरे. तिथे शहराचे नाव शोधावे. सुझोऊ असे दिसते : 苏州. नाव सापडल्यावर तिथेच थांबू नये. त्यापुढे कोणते वाहन लिहिले आहे ते पाहावे. 地铁 म्हणजे मेट्रो आणि 公交 म्हणजे बस. काही शहरांची नावे यादीत असतात, पण पुढे फक्त 公交 असते. तिथे कार्ड बसमध्ये चालते, मेट्रोच्या फाटकावर मात्र अडते. “यादीत नाव होते की!” म्हणून फाटकावर वाद घालण्यात अर्थ नसतो. सुझोऊच्या बाबतीत खूण असलेले कार्ड मेट्रोतही चालते.

तिसरा प्रश्न सवलतीचा. आपल्याकडे महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. कोल्हापूरहून निपाणीला येताना हद्दीपर्यंत अर्धे आणि पुढे पूर्ण भाडे. बस तीच, प्रवासी तीच, पण सवलत देणारे सरकार हद्दीवर थांबते. चिनी कार्डाचेही तसेच आहे. देशव्यापी खुणेमुळे कार्ड हद्द ओलांडते, सवलत ओलांडत नाही. शांघायच्या कार्डावर एका कॅलेंडर महिन्यात मेट्रोचे ७० युआन भाडे झाले की त्या महिन्यातल्या पुढच्या प्रवासांना दहा टक्के सूट मिळते. ही सूट शांघाय शहराची आहे. सुझोऊत कापले गेलेले युआन त्या ७० मध्ये धरले जात नाहीत, आणि सुझोऊ आपल्या कार्डधारकांना देते ती सवलत शांघायच्या कार्डाला लागत नाही. अ‍ॅपमध्ये सवलतीसाठी 优惠 हा शब्द असतो. त्याखाली शहराचे नाव असेल तर ती त्या शहरापुरती समजावी.

एका महिन्याचा हिशेब

हे सगळे एकत्र करून पाहू. समजा, निपाणीचे एक दांपत्य आनतिंगला मुलाकडे गेले आहे. दोघांना दोन कार्डे लागतील, कारण एका कार्डावर एका वेळी एकच माणूस आत जाऊ शकतो. बाबांच्या कार्डाचा हिशेब मांडतो. कार्ड घेताना २० युआन अनामत दिली आणि १०० युआन भरले. खर्च १२० झाला, पण शिल्लक १०० च दिसेल. २० कुठे गेले म्हणून घाबरू नये. अनामतीला 押金 म्हणतात आणि ती शिलकेत धरत नाहीत.

आनतिंगहून शहरात ३५ किलोमीटरच्या प्रवासाला ६ युआन, जाऊन-येऊन १२. पाच दिवस असे फिरले तर ६० गेले, ४० उरले. सहाव्या दिवशी सुझोऊ. ह्वाछ्याओपर्यंत शांघायचे ४ युआन धरू आणि पुढे सुझोऊच्या मेट्रोचे ८. एका बाजूचे १२, दोन्ही बाजूंचे २४. संध्याकाळी परत आल्यावर कार्डात १६ उरतील. फाटकातून बाहेर पडताना शिल्लक क्षणभर दिसते, ती पाहायची सवय लावून घ्यावी. १६ युआन म्हणजे शहराची एक फेरी निघेल, दुसरी निघणार नाही. तेव्हा त्याच रात्री मुलाच्या फोनवरून पुढचे ५० भरून घ्यावेत.

आता सवलत पाहा. शांघायच्या हिशेबात आतापर्यंत पाच दिवसांचे ६० आणि ह्वाछ्याओच्या जाण्या-येण्याचे ८, मिळून ६८ झाले. सुझोऊचे १६ यात नाहीत. महिना तोच असेल तर सातव्या दिवशी शहरात जाताना ६ युआन पूर्ण कापले जातील आणि बेरीज ७४ वर जाईल. ७० ची मर्यादा ओलांडली. परत येताना ६ ऐवजी ५ युआन ४० कापले गेले, तर सूट लागू झाली असे समजावे. एक तारीख आली की मोजणी पुन्हा शून्यापासून. म्हणून महिन्याच्या २८ तारखेला पोचलेल्या माणसाने सवलतीचा हिशेब मांडायची घाई करू नये.

फाटकावर अडले तर

दोन कारणे बहुतेक वेळा निघतात. पहिले, शिल्लक कमी. मग 服务中心 खिडकीवर कार्ड देऊन तिथेच रक्कम भरून घ्यावी. दुसरे कारण जरा चमत्कारिक आहे. आत जाताना एक साधन आणि बाहेर पडताना दुसरे वापरले गेलेले असते. मुलगा सोबत असला की तो फोनवरच्या कोडने आत घेऊन जातो, आणि बाहेर पडताना आई सवयीने पर्समधले कार्ड टेकवते. यंत्राच्या दृष्टीने ते कार्ड आत आलेलेच नाही, मग बाहेर कसे सोडायचे? आणि फोनचा कोड आत गेला, तो बाहेर पडलाच नाही. ज्याने आत, त्यानेच बाहेर, हा नियम घरात सर्वांना सांगून ठेवावा. कार्ड फोनच्या कव्हरात ठेवण्याची सवय असेल तर ती मोडावी, कारण यंत्र दोहोंपैकी कोणते वाचेल हे सांगता येत नाही.

फोनवरच्या कोडविषयीही हद्दीचा तोच नियम आहे. अलीपेच्या प्रवास विभागात वरच्या कोपऱ्यात शहराचे नाव असते आणि कोड त्या शहराचा असतो. सुझोऊला पोचल्यावर मुलाने तिथे 上海 चे 苏州 केले आहे की नाही, हे एकदा विचारून घ्यावे.

परत निघण्यापूर्वी कार्डाचा हिशेब शांघायमध्येच मिटवावा. देशव्यापी खूण असली तरी उरलेली शिल्लक आणि अनामत परत मिळते ती कार्ड देणाऱ्या शहरात. कार्ड घेतानाच ते 押金 म्हणजे अनामतीवर दिले आहे की 售价 म्हणजे विकत दिले आहे, हे पावतीवर पाहून ठेवावे. विकत घेतलेल्या कार्डाची किंमत परत मिळत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जायचे असेल तर कार्ड मुलाकडे ठेवून यावे. मात्र त्यावर आईचे की बाबांचे, हे मराठीत चिकटवून ठेवावे.